प्रॉस्पेक्टिंगचा रोआस ०.७ दिसतो तेव्हा उरलेली विक्री कोणाच्या नावावर जमा होते?

प्रश्न: आम्ही कामाच्या टेबलासाठीच्या खुर्च्या फक्त ऑनलाइन विकतो. नवीन लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी, म्हणजे प्रॉस्पेक्टिंगसाठी, चालवलेल्या व्हिडिओ जाहिरातींचा रोआस ०.७ दिसतो आणि ब्रँड सर्चचा, म्हणजे आमचेच नाव शोधणाऱ्यांना दाखवलेल्या जाहिरातींचा, १५. वित्त विभाग म्हणतो की पहिली मोहीम बंद करा आणि तो पैसा दुसरीत घाला. एजन्सी म्हणते की हा हॅलो इफेक्ट आहे, म्हणजे व्हिडिओमुळे झालेली विक्री इतर मार्गांच्या नावावर दिसते, धीर धरा. हा हॅलो खरा असतो की ती पळवाट आहे? आणि मोजायचा कसा?

उत्तर:

आपल्या वित्त विभागाचे आकडे चुकीचे नाहीत. पण ते आकडे ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न वेगळा आहे. रोआस, म्हणजे जाहिरातीवर खर्च केलेल्या प्रत्येक एककामागे नोंदली गेलेली विक्री, आपल्याला इतकेच सांगतो की खरेदीच्या आधी ग्राहक शेवटी कोणत्या दारातून आत आला. ती जाहिरात नसती तर ती खरेदी झाली असती की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि एजन्सीचे म्हणणे तत्त्वतः खरे असले तरी, मोजमाप न करता उच्चारलेला ‘हॅलो’ हा शब्द कोणत्याही वाईट मोहिमेवर पांघरूण घालू शकतो, म्हणून आपला संशयही रास्त आहे.

आधी विक्री नेमकी कुठे हरवते ते पाहू. एखादी व्यक्ती संध्याकाळी मोबाइलवर आपला व्हिडिओ पाहते. पाठदुखीचा त्रास तिला असतोच, खुर्ची तिच्या मनात भरते, पण त्या क्षणी ती क्लिक करत नाही, कारण एवढी महाग वस्तू कोणी स्क्रोल करता करता विकत घेत नाही. चार दिवसांनी कामाच्या संगणकावर बसल्यावर तिला नाव आठवते, ती ते गूगलवर टाइप करते, सर्वात वर दिसणाऱ्या आपल्याच ब्रँड जाहिरातीवर क्लिक करते, मापे पाहते आणि निघून जाते. आणखी आठवड्याने ती पत्ता थेट टाइप करून येते आणि खरेदी करते. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये या विक्रीचे श्रेय ब्रँड सर्चला जाईल, कारण त्या साधनात थेट भेटीच्या आधी दुसरा ज्ञात स्रोत असेल तर श्रेय त्या स्रोताला दिले जाते. मधली ब्रँड सर्चची पायरी नसती आणि तिने सरळ पत्ताच टाइप केला असता, तर तीच विक्री ‘Direct’ मध्ये पडली असती. दोन्ही वेळा व्हिडिओच्या वाट्याला शून्य येते.

तिने क्लिक केले असते तरी फार फरक पडला असता असे नाही. समाजमाध्यमाच्या ॲपमधून उघडलेले पान बहुतेकदा त्या ॲपच्या अंतर्गत ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथली कुकी नेहमीच्या ब्राउझरला दिसत नाही. सफारीमध्ये संकेतस्थळाच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकते. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आल्यापासून ॲपला माग काढण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी मागावी लागते आणि पुष्कळ लोक ती देत नाहीत. मेटाच्या जाहिरातींत खरेदीचे श्रेय देण्यासाठी साधारणतः ७ दिवसांचा क्लिक आणि १ दिवसाचे दर्शन एवढीच खिडकी धरलेली असते. ज्या वस्तूचा विचार ग्राहक तीन आठवडे करतो तिच्यासाठी ही खिडकी विक्री होण्याआधीच बंद होते. उलट याच खिडकीत असेही लोक मोजले जातात ज्यांनी जाहिरात नुसती पाहिली आणि जे एरवीही खरेदी करणारच होते. म्हणजे व्यासपीठाचा अहवाल काही बाबतींत कमी दाखवतो आणि काही बाबतींत जास्त, आणि या दोन चुका एकमेकींना नेमक्या रद्द करतील असे मानायला काहीच आधार नाही.

आता ब्रँड सर्चच्या त्या १५ कडे वळू. आपले नाव टाइप करणारा माणूस आधीच ठरवून आलेला असतो. जाहिरात नसती तर त्यातला मोठा भाग खालच्याच, विनामूल्य दुव्यावरून आला असता. ईबे कंपनीने २०१२ मध्ये आपल्या ब्रँड शब्दांवरच्या जाहिराती थांबवून प्रयोग केला, तेव्हा गमावलेल्या सशुल्क क्लिकपैकी जवळजवळ सर्व, सुमारे ९९.५ टक्के, नैसर्गिक शोधातून परत आल्याचे आढळले. ईबे अतिशय ओळखीचे नाव होते, आणि आपल्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असतील तर आपला आकडा वेगळा येईल. तरी दिशा तीच असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ब्रँड सर्चमध्ये पैसा ‘घालता’ येत नाही. महिन्यात जितके लोक आपले नाव शोधतात तितक्यांनाच जाहिरात दाखवता येते. अंदाजपत्रक दुप्पट केले तर शोध दुप्पट होत नाहीत, फार तर प्रत्येक क्लिकची किंमत वाढते. वित्त विभागाच्या प्रस्तावातली खरी अडचण ही आहे: ज्या मोहिमेमुळे लोक नाव शोधायला लागतात ती बंद करून, नाव शोधणाऱ्यांना पकडणाऱ्या मोहिमेला अधिक पैसा द्यायचा.

असे झालेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे आणि त्यातला क्रम दरवेळी साधारण सारखाच असतो. मोहीम बंद केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत खर्च लगेच घटतो, विक्री मात्र फारशी घटत नाही, कारण ज्यांनी आधीचे व्हिडिओ पाहिले आहेत ते अजून नाव शोधत येतच असतात. एकूण रोआस झेप घेतो आणि निर्णय घेणाऱ्याचे अभिनंदन होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ब्रँड शोधांची संख्या उतरू लागते, आणि तोवर कारण आणि परिणाम यांच्यात इतके अंतर पडलेले असते की घसरणीचे खापर हंगामावर, संकेतस्थळाच्या नव्या रचनेवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या सवलतीवर फुटते.

यावर बरेच लोक एक सोपा उपाय करतात: प्रॉस्पेक्टिंगचा साप्ताहिक खर्च आणि ब्रँड शोध यांचे दोन आलेख एकावर एक ठेवतात आणि ते सोबत हलतात असे दाखवतात. हा पुरावा मी मान्य करत नाही. खर्च आपण बहुधा मागणी वाढण्याच्या दिवसांतच वाढवतो, आणि त्या दिवसांत लोक जाहिरातीशिवायही जास्त शोधतात. दोन्ही रेषा तिसऱ्याच कारणाने वर जात असतील, तर आलेख कितीही देखणा असला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. जिथे जाहिरात चालू आहे आणि जिथे ती मुद्दाम बंद ठेवली आहे, अशा दोन सारख्या ठिकाणांची एकाच काळात तुलना केली, तरच हंगामाचा प्रश्न सुटतो.

म्हणून प्रादेशिक प्रयोग करावा. पण त्याआधी आपली प्रॉस्पेक्टिंग मोहीम खरोखर प्रॉस्पेक्टिंग आहे का, हे तपासावे लागते. गूगलची परफॉर्मन्स मॅक्स प्रकारची मोहीम ब्रँड वगळण्याची यादी न लावता चालवली, तर ती आपल्या नावाचे शोधही उचलते आणि तिचा रोआस आयताच छान दिसतो. समाजमाध्यमांवरच्या मोहिमेतून जुने ग्राहक आणि गेल्या काही महिन्यांत संकेतस्थळावर येऊन गेलेले लोक वगळलेले नसतील, तर यंत्रणा स्वस्तात विक्री मिळवण्यासाठी त्यांच्याकडेच वळते. अशा मोहिमेचा स्वतंत्र रोआस चांगला असतो आणि हॅलो जवळजवळ नसतो. ०.७ पाहून मला उलट थोडे बरे वाटते. आपली मोहीम बहुधा खरोखरच अनोळखी लोकांना दिसते आहे.

प्रयोगाची मांडणी अशी. ज्या प्रदेशांत आपण विकता त्यांची मागच्या वर्षभराची साप्ताहिक विक्री काढावी, आणि ज्यांचे चढउतार एकमेकांशी जुळतात अशा प्रदेशांच्या जोड्या लावाव्यात. प्रत्येक जोडीतला एक प्रदेश चिठ्ठी टाकून ‘बंद’ गटात आणि दुसरा ‘चालू’ गटात घालावा. कोणता बंद करायचा हे विक्री प्रमुखाच्या पसंतीवर सोडू नये, कारण तो साहजिकच कमजोर प्रदेश सुचवतो. बंद गटात फक्त प्रॉस्पेक्टिंग थांबवावे आणि ब्रँड सर्च, ईमेल, किमती, सवलती असे बाकी सर्व दोन्हीकडे जसेच्या तसे ठेवावे. बंद गटातून वाचलेला पैसा चालू गटात ढकलू नये, नाहीतर तुलना बिघडते. मोहिमांचे अंदाजपत्रक आपोआप वाटले जात असेल तर हे नकळत घडते, म्हणून दोन्ही गटांसाठी वेगळ्या मोहिमा कराव्यात. गूगलच्या मोहिमांमध्ये स्थानाची निवड ‘Presence’ वर ठेवावी. ‘Presence or interest’ राहिली तर बंद प्रदेशातल्या माणसालाही जाहिरात दिसू शकते. ज्या वस्तूचा विचार ग्राहक तीन आठवडे करतो तिच्यासाठी प्रयोग किमान सहा आठवडे चालवावा. दोन आठवड्यांचा प्रयोग वर सांगितलेल्या सुरुवातीच्या फसव्या काळातच संपतो आणि मोहीम निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष देतो.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी मुद्दाम गोल घेतले आहेत आणि ते चलनाच्या कोणत्याही एककात वाचता येतील. प्रयोगाआधी बंद गटाची साप्ताहिक विक्री सरासरी १००० होती आणि चालू गटाची १०५०. बंद गटात प्रॉस्पेक्टिंगवर आठवड्याला १०० खर्च होत होता आणि शेवटच्या क्लिकने त्याच्या नावावर ७० ची विक्री नोंदली जात होती. हाच आपला ०.७. सहा आठवड्यांत चालू गटाने एकूण ६३०० ची विक्री केली. आधीचे प्रमाण लावले तर बंद गटाकडून ६००० ची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ४७४० झाली. म्हणजे १२६० ची विक्री नाहीशी झाली आणि त्याच काळात ६०० खर्च वाचला. १२६० ला ६०० ने भागले की २.१ येतो, याला वाढीव रोआस म्हणतात, आणि निर्णयासाठी तोच उपयोगी.

ती १२६० कोणकोणत्या नावांखाली घटली हे पाहिले की हॅलो डोळ्यांना दिसतो. प्रॉस्पेक्टिंगच्या स्वतःच्या खात्यातले ४२० गेले, ते जाणारच होते. ब्रँड सर्चच्या सशुल्क क्लिकमधून ३३० कमी आले, ब्रँड नावाच्या विनामूल्य शोधातून २४०, थेट भेटींतून १८०, आणि ईमेल व पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींतून ९०. थोडक्यात, प्रॉस्पेक्टिंगने आणलेल्या विक्रीपैकी दोन तृतीयांश विक्री इतरांच्या नावावर जमा होत होती. ब्रँड सर्चकडून त्या गटात सहा आठवड्यांत १०८० अपेक्षित होते; त्यातली ३३०, म्हणजे सुमारे तीस टक्के, व्हिडिओची कमाई होती.

इथे थांबून आनंद साजरा करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, हाच हिशोब मागच्या अशा काळावर करून पाहावा जेव्हा दोन्ही गटांत काहीच बदललेले नव्हते. तिथे फरक शून्य यायला हवा, पण तो कधीच नेमका शून्य येत नाही. समजा अशा वेगवेगळ्या सहा-सहा आठवड्यांत बंद गट अपेक्षेपेक्षा दोन टक्के इकडे किंवा तिकडे जात असेल, तर ६००० वर तो १२० चा गोंगाट झाला आणि आपला २.१ हा खरे तर १.९ ते २.३ च्या दरम्यान कुठेतरी आहे. ही पायरी हाताने करता येते. गूगलचे ‘CausalImpact’ आणि मेटाचे ‘GeoLift’ ही मोफत साधने हेच काम अधिक काटेकोरपणे करतात. दुसरी गोष्ट म्हणजे नफा. विक्रीच्या प्रत्येक १०० मधून वस्तूची किंमत, वाहतूक आणि परताव्याचा खर्च वजा जाता ५० उरत असतील, तर जाहिरात फिटण्यासाठी रोआस २ हवा. म्हणजे या उदाहरणातली मोहीम बहुधा तोट्याची नाही, पण ती घसघशीत फायद्याची आहे असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हॅलो मोजल्यावर येणारे उत्तर बहुधा असेच असते: वित्त विभाग मानतो तितके वाईट नाही आणि एजन्सी सुचवते तितके सुंदरही नाही. सहा आठवड्यांनंतरही जी विक्री होणार होती ती या हिशोबात आलेली नाही, म्हणून माझा कल मोहीम चालू ठेवण्याकडे राहील.

प्रयोग चालू असताना विक्रीबरोबर दोन खुणा पाहाव्यात, कारण त्या आधी हलतात. पहिली म्हणजे आपल्या नावाच्या शोधांची संख्या. इथे क्लिक न पाहता ‘Impressions’ पाहावीत, कारण क्लिक हे जाहिरातीच्या स्थानावर आणि बोलीवरही ठरतात. गूगल सर्च कन्सोल ही संख्या देते, पण फक्त देशनिहाय. प्रदेशनिहाय आकड्यांसाठी ब्रँड सर्च मोहिमेचा स्थान अहवाल वापरावा लागतो, आणि तो वाचताना त्या मोहिमेचा ‘Search impression share’, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यापैकी ती प्रत्यक्षात किती वेळा दिसली ते प्रमाण, स्थिर आहे ना हे बघावे लागते. लोक नाव चुकीचे टाइप करतात, विशेषतः ज्यांनी ते व्हिडिओत फक्त ऐकले आहे ते, आणि प्रॉस्पेक्टिंगने आणलेले लोक नेमके हेच असतात. म्हणून सर्च कन्सोलच्या गाळणीत ‘Custom (regex)’ निवडून चुकीची रूपेही घालावीत. आपल्या नावाच्या जागी `brandname` समजून:

```
brandname|brand name|brandnam|brendname
```

दुसरी खूण थेट भेटींची, आणि ती वाचताना फार सावध राहावे लागते. ‘Direct’ या नावाखाली पत्ता टाइप करणारे जसे येतात, तसेच खुणेची चिठ्ठी न लावलेल्या ईमेलमधून, निरोपांच्या ॲपमधून आणि दस्तऐवजांतल्या दुव्यांवरून आलेलेही येतात. त्यामुळे मी सगळ्या थेट भेटी मोजत नाही. ज्या थेट भेटी मुखपृष्ठावर उतरतात आणि पहिल्यांदाच येणाऱ्या लोकांच्या असतात, तेवढ्याच वेगळ्या काढतो. एखाद्या विशिष्ट खुर्चीच्या लांबलचक पत्त्यावर कोणी टाइप करून पोहोचत नाही; तो जवळजवळ नक्कीच हरवलेला दुवा असतो. एकदा एका प्रयोगात बंद गटातल्या थेट भेटी वाढलेल्या दिसल्या आणि आम्ही चांगलेच गोंधळलो. शोध घेतल्यावर कळले की ईमेल पाठवणाऱ्या सहकाऱ्याने त्या आठवड्यात दुव्यांना खुणाच लावल्या नव्हत्या.

ब्रँड शोध आणि मुखपृष्ठावरच्या थेट भेटी बंद गटात पाच-सहा आठवड्यांनीही घटल्या नाहीत, तर हॅलो नाही, एवढे मान्य करावे. त्याचे सर्वात सामान्य कारण मला जाहिरातीतच सापडते: व्हिडिओ पाठदुखीबद्दल उत्तम बोलतो, पण नाव शेवटच्या दोन सेकंदांत येते आणि तोवर प्रेक्षक पुढे गेलेला असतो. तो मग ‘पाठीसाठी चांगली खुर्ची’ असे शोधतो आणि जो कोणी वर दिसेल त्याच्याकडून घेतो. अशा वेळी आपल्या पैशाने जागी झालेली मागणी प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जाते. हे ओळखायचे असेल तर चालू प्रदेशांत वस्तूच्या सामान्य नावाचे शोध वाढले पण आपल्या नावाचे वाढले नाहीत, असे चित्र दिसते का ते पाहावे.

मिळालेला आकडा वापरताना एक चूक हमखास होते. शेवटच्या क्लिकचा ०.७ आणि वाढीव २.१ यांचे गुणोत्तर ३ येते, म्हणून रोजच्या अहवालातला आकडा तिप्पट करून वाचणे हे काही महिन्यांपुरते ठीक आहे, आणि निर्णयांना ते पुष्कळ सुधारते. पण २.१ ही सध्याच्या पूर्ण खर्चाची सरासरी आहे. आज १०० खर्चावर २.१ मिळतो याचा अर्थ पुढच्या ५० वरही तोच मिळेल असा नाही, कारण जे सहज पटणारे लोक होते ते आधीच पाहून झालेले असतात. खर्च वाढवायचा असेल तर पुढचा प्रयोग ‘बंद’ विरुद्ध ‘चालू’ असा न करता ‘आहे तेवढा’ विरुद्ध ‘दीडपट’ असा करावा. तसेच, व्हिडिओ बदलला, वस्तूंची किंमत बदलली किंवा खर्च बराच हलला की ३ हा गुणक शिळा होतो.

वित्त विभागाला दाखवण्याच्या तक्त्यात मी मोहिमांचे रोआस शेजारी शेजारी ठेवणे बंद केले आहे. त्याऐवजी पहिल्या ओळीत जाहिरातींचा एकूण खर्च आणि नव्या ग्राहकांकडून आलेली एकूण विक्री असते. दुसऱ्या ओळीत शेवटच्या प्रयोगातला वाढीव रोआस, त्याची कमाल-किमान मर्यादा आणि प्रयोगाची तारीख असते. ब्रँड सर्चच्या १५ साठीही हीच दुसरी ओळ लागू आहे, आणि तिथे आकडा भरण्यासाठी काही प्रदेशांत ब्रँड जाहिराती थांबवून तीन आठवड्यांचा वेगळा प्रयोग पुरतो, कारण ठरवून आलेल्या माणसाच्या बाबतीत परिणाम दिसायला उशीर लागत नाही. हे दोन प्रयोग एकाच वेळी एकाच प्रदेशांत करू नयेत. प्रॉस्पेक्टिंगचा आधी करावा, विक्रीचे जुने प्रमाण परत येऊ द्यावे, आणि मगच ब्रँड सर्चला हात लावावा.